प्रबंध झाला लिहून, पण फाईल उघडेना : मराठी प्रबंधाचा फॉन्ट, अक्षराचा आकार आणि ओळींतील अंतर कसे जमवावे?

तालुका प्रतिनिधी : चार वर्षे गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यावर सात प्रकरणांचा प्रबंध लिहिला, मार्गदर्शकांनी सही द्यायची तयारी दाखवली. आणि ऐनवेळी विभागातून निरोप आला, 'तुमची फाईल वाचता येत नाही.' तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबातील मुलीवर नुकताच हा प्रसंग आला. प्रबंध जमा करायला तीन आठवडे राहिले होते. मजकुरात चूक नव्हती, शुद्धलेखनही दोनदा तपासले होते. घोटाळा होता तो फॉन्टचा.

पीएच.डी. करणारेच नव्हे, एम.ए.ला संशोधन प्रकल्प करणारी गावाकडची पोरेही आता याच वाटेने जातात. हाताने लिहायचे, तालुक्याच्या टायपिंग सेंटरवर द्यायचे, छापून आले की बांधणी करायची. कागदावर सगळे झकास दिसते. पण आता विद्यापीठाला कागदाबरोबर फाईलही लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमानुसार पीएच.डी.च्या प्रबंधाची वाङ्मयचौर्य तपासणी होते आणि पदवी जाहीर होण्याआधी त्याची इलेक्ट्रॉनिक प्रत इन्फ्लिबनेटकडे द्यावी लागते. हे प्रबंध 'शोधगंगा' या संग्रहात सगळ्यांना वाचायला मिळतात. म्हणून अक्षर कागदावर कसे दिसते एवढे पाहून भागत नाही, ते संगणकाला कसे दिसते हेही पाहावे लागते.

कागदावर 'मराठी', फाईलमध्ये ejkBh

या मुलीचा प्रबंध सेंटरवर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप झाला होता. कृतिदेव, श्रीलिपीचे जुने फॉन्ट, डीव्ही-टीटी सुरेख ही नावे आपल्याकडच्या प्रत्येक टायपिंगवाल्याला पाठ असतात. लग्नपत्रिका, बॅनर, ग्रामपंचायतीचे दाखले याच फॉन्टवर वर्षानुवर्षे निघाले. त्यात वाईट काही नाही, कागदावर छापून झाले की काम संपले. पण या फॉन्टमध्ये एक गोम आहे. फाईलमध्ये खरी साठवण इंग्रजी अक्षरांची असते, फॉन्ट फक्त त्या अक्षरांवर मराठी मुखवटा चढवतो. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द टाइप केला, तर फाईलमध्ये प्रत्यक्षात ejkBh एवढेच लिहिलेले असते. ज्या संगणकावर कृतिदेव नाही, तिथे मुखवटा गळून पडतो आणि ejkBh उघडे पडते.

युनिकोडचे तसे नाही. त्यात 'म' हा 'म' म्हणूनच साठवला जातो. फॉन्ट बदलला तर अक्षराचे वळण बदलेल, पण 'म'चा दुसरा कुठला तरी अक्षर होणार नाही. मोबाईलवर आपण जे मराठी लिहितो, ते युनिकोडच असते.

तपासणीत नेमके इथेच घोडे अडते. तपासणीचे सॉफ्टवेअर अक्षरांचे वळण बघत नाही, साठवलेला मजकूर बघते. त्याला पानोपानी ejkBh सारखे शब्द दिसले, तर ते कशाशी जुळणार? अहवालात साम्य शून्य येते. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, मग शून्य आले तर बरेच, असे कुणाला वाटेल. पण सात प्रकरणांत संदर्भ, अवतरणे देऊनही शून्य म्हटल्यावर तपासणाऱ्याला कळते की सॉफ्टवेअरने काही वाचलेलेच नाही. आणि अशी फाईल संग्रहात गेलीच, तर पुढे कुणी 'ओवी' असा शब्द टाकून शोधले तरी हा प्रबंध आतून सापडणार नाही.

आपली फाईल कोणत्या जातीची आहे हे ओळखायला संगणकाचे शिक्षण लागत नाही. वर्ड फाईलमधला एक परिच्छेद कॉपी करा आणि व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवा. मराठी दिसले तर युनिकोड. ejkBh सारखी इंग्रजी भेळ दिसली तर जुना फॉन्ट. सेंटरवर काम देतानाच पहिले पान टाइप झाले की ही परीक्षा करावी. तीनशे पाने झाल्यावर करून फक्त डोक्याला हात लागतो.

फॉन्ट बदलणे वेगळे, मजकूर बदलणे वेगळे

निरोप आल्यावर मुलीच्या भावाने फाईल उघडली, सगळे सिलेक्ट केले आणि फॉन्ट 'मंगल' केला. सगळी पाने इंग्रजी झाली. घरात रडारड. पण प्रबंध गेला नव्हता, फक्त मुखवटा निघाला होता. अशा वेळी फॉन्ट बदलून चालत नाही, कन्व्हर्टरमधून मजकूरच युनिकोडमध्ये आणावा लागतो. कृतिदेव, श्रीलिपी, डीव्ही-टीटी यांचे कन्व्हर्टर वेगवेगळे आहेत. एकाचा कन्व्हर्टर दुसऱ्याला लावला तर काहीतरी भलतेच निघते. म्हणून सेंटरवाल्याला आधी फॉन्टचे पूर्ण नाव विचारावे.

सेंटरवाल्या दादांनी तिला सांगितले, 'ताई, सगळी फाईल एकदम टाकू नका. एकेक प्रकरण करा आणि मूळ फाईलला हात लावू नका.' हा सल्ला लाखमोलाचा ठरला. कारण प्रबंधात इंग्रजी उताऱ्यांचे परिच्छेद होते. कन्व्हर्टरला सगळीच अक्षरे इंग्रजी दिसतात. खरे इंग्रजी कोणते आणि मुखवट्यामागचे कोणते हे त्याला कळत नाही. इंग्रजी उतारे त्यातून गेले तर त्यांचे अर्थहीन मराठी होते. तिने इंग्रजी परिच्छेद आधी बाजूला काढले, बाकीचा मजकूर बदलून घेतला आणि मग ते जागच्या जागी परत ठेवले.

कन्व्हर्टरमधून आलेला मजकूर तसाच घ्यायचा नसतो. तीन जागी हमखास चुका राहतात. पहिली, ऱ्हस्व वेलांटी. जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप करतात, युनिकोडमध्ये नंतर. त्यामुळे जोडाक्षराजवळ ती कधी कधी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. दुसरी, आकडे आणि अवतरणचिन्हे. साल, पान क्रमांक, कंसातले संदर्भ मूळ प्रतीशी ताडून घ्यावे लागतात.

तिसरी चूक खास मराठीची आहे, ती म्हणजे 'ऱ्या'. 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांनी', 'कोऱ्या' या शब्दांतला 'र' रफार होऊन वर जातो आणि 'दुसर्या', 'शेतकर्यांनी' असे छापले जाते. वाटेल की 'र्या' शोधून सगळीकडे एकदम 'ऱ्या' करून टाकावे. पण मग 'कार्यालय', 'सूर्यास्त', 'पर्याय', 'मर्यादा' हे बरोबर असलेले शब्द बिघडतील. म्हणून Ctrl+H उघडून आख्खा शब्द टाकावा, जसे 'दुसर्या' च्या जागी 'दुसऱ्या', 'शेतकर्यां' च्या जागी 'शेतकऱ्यां'. या मुलीने असे वीस-बावीस शब्द वहीत लिहिले आणि प्रत्येक प्रकरणात तेवढेच बदलले. सात प्रकरणांना नऊ दिवस लागले.

एकाच वाक्यात दोन आकार

आता अक्षराच्या आकाराकडे येऊ. प्रत्येक विद्यापीठाचे नियम आपले आपले असतात. म्हणून मित्राचा जुना प्रबंध समोर ठेवून नक्कल करण्यापेक्षा आपल्या विभागाचे छापील नियम मागून घ्यावेत. अनेक ठिकाणी इंग्रजीसाठी टाइम्स न्यू रोमन १२ पॉइंट असते. मराठीसाठी मोठा आकार सांगतात, बरेचदा १४ किंवा १६. हा फरक उगाच नाही. मराठी अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, मात्रा, रफार आणि पायाशी उकार, जोडाक्षरे असतात. तेवढ्याच उंचीत हे सगळे बसवायचे म्हणजे मधले अक्षर लहान करावे लागते. त्यामुळे १२ पॉइंटचे मराठी १२ पॉइंटच्या इंग्रजीपेक्षा बारीक वाटते.

आणखी एक गोष्ट इथे फसवते. सगळ्या फॉन्टचे १४ सारखे नसते. पॉइंट हे माप अक्षराच्या चौकटीचे असते, आतल्या अक्षराचे नाही. 'मंगल' १४ मध्ये ठसठशीत दिसतो, तर 'कोकिळा' हा विंडोजबरोबर येणारा फॉन्ट १४ मध्ये इतका बारीक दिसतो की म्हातारा परीक्षक चष्मा शोधत बसेल. नियमात फक्त '१४ पॉइंट' असे असेल आणि फॉन्टचे नाव नसेल, तर दोन-तीन फॉन्टमध्ये एकच पान छापावे आणि मार्गदर्शकांची पसंती घ्यावी. नियमात फॉन्टचे नाव असेल तर तोच वापरावा, तिथे स्वतःची आवड चालत नाही. राज्य मराठी विकास संस्थेचा 'यशोमुद्रा' किंवा गुगलचा 'नोटो सेरिफ देवनागरी' असे मोफत युनिकोड फॉन्टही मिळतात.

मराठी प्रबंधात इंग्रजी नावे, पुस्तके, संज्ञा मधेच येतात. मग मराठी १४ आणि इंग्रजी १२ कसे ठेवायचे? पुष्कळ जण एकेक इंग्रजी शब्द सिलेक्ट करून आकार बदलत बसतात. त्याची गरज नाही. वर्डमध्ये एकाच मजकुरासाठी दोन कप्पे असतात. Ctrl+D दाबले की फॉन्टची चौकट उघडते. त्यात Latin text हा कप्पा इंग्रजीसाठी आणि Complex scripts हा कप्पा मराठीसाठी असतो. पहिल्यात टाइम्स न्यू रोमन १२ आणि दुसऱ्यात मंगल १४ असे भरले की वर्ड ज्याचे त्याला लावतो. दुसरा कप्पा दिसतच नसेल, तर File, मग Options, मग Language इथे जाऊन मराठी भाषा जोडावी आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडावा.

'मी आकार बदलला, पण मराठी बदलतच नाही' ही तक्रार जिथे ऐकू येते, तिथे बहुधा या दुसऱ्या कप्प्याचाच घोळ असतो. वरच्या पट्टीतून आकार बदलताना कधी कधी फक्त इंग्रजीचा कप्पा बदलतो.

हे दोन कप्पे प्रत्येक पानावर भरायचे नाहीत. Home मधल्या Styles मध्ये Normal वर उजवे बटण दाबून Modify, मग Format, मग Font इथे ते एकदाच भरायचे. प्रकरणाच्या नावासाठी Heading 1, उपशीर्षकासाठी Heading 2, तळटिपांसाठी Footnote Text. चार ठिकाणी भरले की पूर्ण प्रबंध एकसारखा राहतो. वर अनुक्रमणिकाही याच शीर्षकांवरून आपोआप तयार होते. मार्गदर्शकांनी उद्या '१४ नको, १६ करा' म्हटले तर चार जागी बदल, बस.

दीड अंतर म्हणजे किती?

ओळींतले अंतर दीड ठेवा, असे अनेक नियमांत असते. ऐकायला सोपे वाटते. पण हे दीड कशाच्या दीडपट? वर्ड ते फॉन्टच्या स्वतःच्या ओळीच्या उंचीच्या दीडपट धरतो. ही उंची फॉन्ट बनवणाऱ्याने ठरवलेली असते. टाइम्स न्यू रोमन १२ ला दीड अंतर दिले आणि वर-खाली एक-एक इंच समास सोडला, तर ए-४ पानावर ३३ च्या आसपास ओळी बसतात. मराठी फॉन्टला मात्रा-उकारांसाठी जास्त उंची लागते, त्यामुळे तेच दीड अंतर दिले तरी ओळी बऱ्याच कमी होतात. 'मंगल'मध्ये तर हे अंतर चांगलेच मोकळे दिसते.

ओव्यांच्या प्रबंधात हेच झाले. जुन्या फॉन्टमध्ये १६ आकारात २४० पाने होती. युनिकोड करून 'मंगल' १६ आणि दीड अंतर ठेवले, तेव्हा ती ३४८ झाली. मुलगी घाबरली. पाच प्रती काढायच्या, म्हणजे ५४० पाने जास्तीची. पानाला दोन रुपये धरले तरी हजारावर खर्च वाढला. तिने नियम पुन्हा वाचले, तर मराठीसाठी १४ चालत होते. आकार १४ केल्यावर पाने ३०० च्या आत आली.

दुसरी फट परिच्छेदांमध्ये होती. वर्ड प्रत्येक परिच्छेदानंतर स्वतःहून ८ किंवा १० पॉइंट जागा सोडतो. दीड अंतरात ती आणखी मोठी दिसते. Paragraph च्या चौकटीत After पुढे शून्य किंवा ६ केले आणि प्रत्येक परिच्छेदाची पहिली ओळ आत घेतली. पाने २७६ वर स्थिरावली. नियम कुठेही मोडला नाही.

इथे एक पळवाट सांगणारे भेटतात. Line spacing मध्ये Exactly निवडा, १८ पॉइंट टाका, पाने कमी होतात. होतात खरी, पण Exactly म्हणजे वर्ड ओळीला तेवढीच उंची देतो, अक्षर मावो न मावो. इंग्रजीला चालून जाते. मराठीत वेलांटीचा माथा, अनुस्वार, रफार कापला जातो. 'कर्म'चे 'कम' दिसते, 'अंग'चे 'अग'. छापल्यावर हे लक्षात आले तर सगळ्या प्रती वाया. म्हणून मराठी मजकुराला 1.5 lines किंवा Multiple हाच पर्याय ठेवावा.

ओव्यांचे उतारे मात्र वेगळे ठेवले. मोठी अवतरणे दोन्हीकडून आत घेऊन एकेरी अंतरात द्यावीत, असे त्यांच्या नियमात होते. त्यासाठी तिने 'ओवी' नावाची वेगळी स्टाइल केली. तिथेही एक अडचण आली. मजकूर दोन्ही बाजूंनी सरळ ठेवला होता आणि ओवीची ओळ तोडायला Shift+Enter वापरले होते. त्यामुळे चार शब्दांची ओळ पानभर ताणली गेली, शब्दाशब्दांत मोठाली भगदाडे. 'ओवी' स्टाइलला फक्त डावी बाजू सरळ ठेवल्यावर ओळी जागेवर आल्या.

छपाईच्या दुकानात जाताना

सगळे जमले तरी शेवटचा घोटाळा दुकानात होतो. वर्ड फाईल पेनड्राइव्हवर नेली आणि त्या संगणकावर तो फॉन्ट नसेल, तर वर्ड जवळचा दुसरा फॉन्ट लावतो. पाने सरकतात आणि अनुक्रमणिकेतला पान क्रमांक एक, प्रत्यक्षात दुसराच. म्हणून ज्या संगणकावर प्रबंध मांडला, तिथेच Save As मधून पीडीएफ करावी आणि छपाईला तीच द्यावी. पीडीएफ उघडून Ctrl+F मध्ये 'ओवी' सारखा साधा शब्द शोधावा. सापडला तर मजकूर जिवंत आहे. मात्र पीडीएफमधून मराठी कॉपी करताना वेलांट्या, जोडाक्षरे कधी कधी तुटतात, चांगल्या युनिकोड फाईलचीही हीच गत होते. म्हणून तपासणीसाठी वर्ड फाईल चालते का हे ग्रंथालयात विचारावे आणि ती जपून ठेवावी.

छापताना दुकानदाराला 'Fit नको, Actual size ठेवा' असे स्पष्ट सांगावे. Fit वर पान थोडे आकसते, मग १४ चे अक्षर १४ चे राहत नाही आणि समासही बदलतो. बांधणीसाठी डावीकडे दीड इंच समास अनेक ठिकाणी मागतात. पहिले पान छापले की शाळेची पट्टी लावावी. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर. तेवढे भरले तरच पुढची पाने सोडायची.

त्या मुलीने पहिले पान पट्टीने मोजले तेव्हा डावीकडे ३५ मिलिमीटर भरले. दुकानदार म्हणाला, 'ताई, तीन मिलिमीटरने काय होतंय?' तिने सेटिंग बदलून दुसरे पान काढायला लावले. मग २७६ पानांच्या पाच प्रती छापून झाल्या आणि मुदतीच्या दोन दिवस आधी प्रबंध जमा झाला. फाईल यावेळी उघडली.